नागरिक सभा: चिठ्ठीने निवडलेले ९९ जण
विचारविनिमयी लोकशाहीत मते मोजण्याआधी ती कशी बनली, याला महत्त्व असते. नागरिक सभा हे त्यासाठीचे एक साधन आहे.

आयर्लंडमध्ये १९८३च्या आठव्या घटनादुरुस्तीमुळे गर्भपात जवळपास पूर्ण बंद होता आणि राजकीय पक्ष या विषयाला हात घालायला कचरत होते. २०१६ मध्ये ९९ सामान्य नागरिकांची सभा भरवण्यात आली. वय, लिंग, प्रदेश आणि सामाजिक स्तर यांचे प्रमाण लोकसंख्येशी जुळेल, अशा बेताने त्यांची यादृच्छिक निवड झाली. न्यायमूर्ती मेरी लाफॉय अध्यक्ष होत्या. पाच शनिवार-रविवार सदस्यांनी तज्ज्ञांचे आणि दोन्ही बाजूंचे म्हणणे ऐकले, छोट्या गटांत चर्चा केली आणि मग गुप्त मतदान केले. कारणाची अट नसावी, असे ६४ टक्के सदस्यांचे मत पडले. २०१८च्या सार्वमतात ६६.४ टक्के मतदारांनी ती घटनादुरुस्ती रद्द केली.

मात्र सभा फक्त शिफारस करते. स्त्री-पुरुष समानतेवरील नंतरच्या सभेच्या शिफारशींचे शब्द सरकारने बदलले. २०२४ मध्ये ते दोन्ही प्रस्ताव मतदारांनी फेटाळले. सभेत झालेला विचार बाहेरच्या मतदारांपर्यंत आपोआप पोहोचत नाही.