डॉल्मेन, मेनहिर की शिळावर्तुळ? फोटोवरून कसं ओळखाल?

कर्नाटकातल्या कोप्पळ जिल्ह्यात हिरेबेणकल इथे एका टेकडीवर महापाषाण संस्कृतीची सुमारे ४०० दगडी स्मारकं आहेत. तिथल्या फोटोंत काही ठिकाणी चक्क दगडी खोल्या दिसतात, तर काही ठिकाणी नुसतीच एक शिळा उभी असते. मग ही शिळा म्हणजे मेनहिर का?

आधी तिन्ही प्रकार समजून घेऊ.

डॉल्मेन: जमिनीवर उभ्या केलेल्या शिळांवर आडवं छप्पर. पत्त्यांचं घर डोळ्यांसमोर आणा. आत पोकळी दिसते. काहींच्या एका भिंतीत गोल भोकही असतं.

मेनहिर: एकटीच उभी पुरलेली शिळा. छप्पर नाही, भिंती नाहीत. तिच्यावर योद्धा, घोडा किंवा चंद्र-सूर्य कोरलेले असतील, तर तो बहुधा वीरगळ, म्हणजे बराच नंतरचा.

शिळावर्तुळ: जमिनीवर गोलाकार मांडलेले मोठे धोंडे, मध्ये बहुतेकदा दगड-मातीचा बुटका उंचवटा. नागपूरजवळच्या जुनापाणीत अशी सुमारे ३०० वर्तुळं आहेत. जमिनीवरून काढलेल्या फोटोत वर्तुळ नुसती धोंड्यांची रांग वाटू शकतं. म्हणून रांग वळते का, ते पाहा.

गफलत कुठे होते?

आता हिरेबेणकलच्या त्या एकट्या शिळेकडे वळू. डॉल्मेनचं छप्पर घसरलं आणि तीन भिंती पडल्या, तर उरलेली चौथी भिंत हुबेहूब मेनहिरसारखी दिसते. नुसत्या उंचीवरून किंवा जाडीवरून फरक कळत नाही, कारण मेनहिरही पातळ फरशीसारखे असू शकतात. त्यामुळे शिळेच्या पायथ्याशी पाहा. तिथे एखादी रुंद सपाट शिळा पडलेली आहे का? काटकोनात जमिनीतून डोकावणाऱ्या दुसऱ्या शिळेची कड दिसते का? शिळेच्या तुटक्या काठावर अर्धगोल खाच आहे का? ही खाच म्हणजे भिंतीतल्या भोकाचा उरलेला भाग असू शकतो. यातल्या दोन खुणा एकत्र दिसल्या, तर ती मोडलेल्या डॉल्मेनची भिंत असण्याची शक्यता जास्त.

असे दगड बांधकामासाठी उचलले जातात किंवा शेत सपाट करताना हलवले जातात. आडव्या पडलेल्या शिळा निरुपयोगी समजून आधी हलवल्या, तर डॉल्मेनचा पुरावाच जातो आणि नोंद चुकीची होते. म्हणून फोटो काढताना उभ्या शिळेबरोबर आजूबाजूची जमीनही चौकटीत घ्या. मोजमापासाठी पट्टी ठेवा आणि चारही बाजूंनी फोटो काढा.

फोटो काय सांगत नाही?

जमिनीखाली काय आहे, हे फोटोत कळत नाही. शिळांनी बांधलेली पेटी जमिनीत पुरलेली असेल, तर तिला डॉल्मेन नाही, शिळापेटी म्हणतात. माती वाहून गेली की तिच्या भिंती उघड्या पडतात आणि ती डॉल्मेनसारखी भासते. शिळावर्तुळाच्या आतही अशी पेटी असू शकते. तिथे खरोखर दफन झालं होतं का आणि कधी, याचं उत्तर उत्खननातूनच मिळतं.