हजेरीचा हिशेब रोस्टरपासून

पंचिंग मशीन खोटे बोलत नाही, असे टाइम ऑफिसात ठामपणे मानले जाते. त्यातून आठवड्याच्या अहवालाची एक रीत सगळीकडे रुळली आहे. मशीनमधून हजेरीची फाइल काढायची, प्रत्येक कामगाराचा त्या तारखेचा पहिला आणि शेवटचा पंच घ्यायचा, दोहोंतले अंतर म्हणजे कामाचे तास धरायचे. आठवड्याच्या बेरजेतून ४८ वजा केले की ओटी मिळाला, आणि ज्या तारखेला पंच नाही तो खाडा. रोस्टर मग पडताळणीपुरते उघडायचे, तेही तक्रार आली तरच.

या पक्षाकडे एक वजनदार मुद्दा आहे. रोस्टर हा केवळ बेत असतो. सुपरवायझर आयत्या वेळी माणसे हलवतो, दोघे आपसात शिफ्ट बदलतात, कोणी साप्ताहिक सुट्टीला कामावर येतो. पंच मात्र घडलेल्या गोष्टीची नोंद असते. मग बेतावर हिशेब का उभारायचा?

पंच खरा असतो, हे मला मान्य आहे. पण तो एवढेच सांगतो की अमुक क्रमांकाचे बोट अमुक मिनिटाला मशीनवर टेकले. ते बोट कामावर येणाऱ्याचे की घरी निघालेल्याचे आणि ती वेळ कोणत्या दिवसाच्या कामात मोडते, हे त्या ओळीत नसते. खाडा तर त्या फाइलमध्ये असूच शकत नाही, कारण जो आला नाही त्याची ओळच तयार होत नाही. कोणी यायला हवे होते हे फक्त रोस्टरला ठाऊक असते.

तीन शिफ्टच्या कारखान्यातला थर्ड शिफ्टचा एक ऑपरेटर घेऊ. वेळ रात्री २२:०० ते सकाळी ६:००, सोमवार ते शनिवार, रविवार सुट्टी. त्याचे पंच असे आहेत: सोमवारी २१:४८, मंगळवारी ६:०९ आणि २१:५२, बुधवारी ६:०५ आणि २१:५०, गुरुवारी ६:०७ आणि २१:४६, शुक्रवारी १०:०४ आणि २१:५५, शनिवारी ६:०६. त्यानंतर एकही नाही.

रुळलेल्या रीतीने मंगळवारी १५ तास ४३ मिनिटे काम झाले, बुधवारी १५ तास ४५ मिनिटे, गुरुवारी १५ तास ३९ मिनिटे आणि शुक्रवारी ११ तास ५१ मिनिटे. सोमवार आणि शनिवार एकेका पंचामुळे मिसपंच ठरतात. बेरीज ५८ तास ५८ मिनिटे, म्हणजे जवळपास ११ तास ओटी आणि खाडा शून्य. हा माणूस दिवसभर घरी झोपला होता ते तास कामाचे म्हणून मोजले गेले आहेत.

आता तेच पंच रोस्टरच्या ओळींवर लावू. सोमवार, मंगळवार आणि बुधवारच्या रात्री प्रत्येकी ८ तास. गुरुवारच्या रात्री कामाला लागलेला हा माणूस शुक्रवारी सकाळी दहापर्यंत थांबला, म्हणजे १२ तास. शुक्रवारच्या रात्री ८ तास. शनिवारच्या रात्री तो आलाच नाही. एकूण ४४ तास आणि एक खाडा. शनिवार सकाळचा पंच शुक्रवारच्या शिफ्टमधून बाहेर पडतानाचा होता; तारखेच्या हिशेबात त्याने शनिवारचा खाडा झाकून टाकला. बारा तासांची खरी लांब शिफ्ट तर त्या हिशेबात सर्वांत कमी तासांची म्हणून उतरली, कारण उशिरा घरी गेलेल्या माणसाचे घरचे तास कमी भरले.

४४ तास ४८ पेक्षा कमी आहेत, म्हणून ओटी नाही, असे कोणी म्हणेल. तेही चूक आहे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ५९ मध्ये दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त किंवा आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांपेक्षा जास्त, अशा दोन अटी होत्या आणि त्यांपैकी एक पुरी झाली तरी दुप्पट दराने वेतन लागू होत असे. त्या हिशेबाने गुरुवारच्या शिफ्टचे नवाच्या वरचे ३ तास त्याच्या हक्काचे आहेत आणि शनिवारचा खाडा ते खाऊ शकत नाही. कारखान्यातल्या करारात आठ तासांनंतर ओटी असेल तर ते ४ होतील. समजा, शनिवारीही तो आला असता तर बेरीज ५२ झाली असती. तेव्हा आधी दिवसाचे जादा ३ तास बाजूला काढायचे, उरलेल्या ४९ मधून ४८ वजा करून १ मिळवायचा आणि ओटी ४ धरायचा. दोन्ही अटी वेगवेगळ्या लावून ३ आणि ४ ची बेरीज केली, तर तेच तास दोनदा मोजले जातात. हे आकडे अधिनियमाचे आहेत. राज्यांच्या दुरुस्त्यांनी आणि नव्या श्रमसंहितांनी या मर्यादा हलत्या झाल्या आहेत. म्हणून नऊ आणि अठ्ठेचाळीस सूत्रात न कोरता वेगळ्या घरात ठेवावेत.

मध्यरात्रीनंतरचे तास आदल्या दिवसात धरावेत, हे त्याच अधिनियमाच्या कलम ५७ ने सांगून ठेवले होते. तक्त्यात ते उतरवणे सोपे आहे. रोस्टरच्या प्रत्येक ओळीत शिफ्टची सुरुवात तारीख आणि वेळेसकट ठेवायची. त्या क्षणाच्या सहा तास आधीपासून अठरा तास नंतरपर्यंतची खिडकी धरायची आणि तिच्यातला पहिला पंच शोधायचा:

```
=MINIFS(Punch!B:B,Punch!A:A,A2,Punch!B:B,">="&D2-0.25,Punch!B:B,"<"&D2+0.75)
```

येथे `A2` म्हणजे कामगाराचा क्रमांक आणि `D2` म्हणजे शिफ्टची सुरुवात. शेवटच्या पंचासाठी `MAXIFS`, पंचांच्या संख्येसाठी `COUNTIFS`. संख्या शून्य आली तर खाड्याचा संशय, एक आली तर मिसपंच. अठरा तासांचे कारण असे की डबल ड्यूटी करून सोळा तासांनी निघालेल्याचा पंचही खिडकीत राहतो. तास मात्र २१:४८ पासून न मोजता २२:०० पासून मोजायचे. कंपनीची बस लवकर पोचली म्हणून कोणी काम सुरू केलेले नसते. शिफ्ट संपल्यावर गेटच्या रांगेत गेलेली मिनिटेही सोडायची. पण अर्धा तास किंवा त्याहून जास्त थांबलेला माणूस सुपरवायझरच्या यादीत आलाच पाहिजे. आपोआप कापून टाकायचे हे तास नव्हेत, त्यांचा निर्णय माणसाने घ्यायचा आहे.

फाइलही रविवारी संध्याकाळी चारपर्यंतची काढावी लागते. शनिवारी मध्यरात्री ती तोडली, तर शनिवारच्या थर्ड शिफ्टचे सगळेच जण बाहेर न पडलेले दिसतात.

आता पूर्वपक्षाच्या त्या मुद्द्याकडे वळू, की रोस्टर प्रत्यक्षाशी जुळत नाही. नेमके म्हणूनच ते आधी ठेवायचे. सगळ्या ओळींना पंच लावून झाले की किती पंच कोणत्याच खिडकीत बसले नाहीत ते मोजावे. आपल्या ऑपरेटरचे दहाही पंच बसतात. जे उरतात ते सुट्टीला आलेल्यांचे, शिफ्ट बदललेल्यांचे किंवा रोस्टरमध्ये नाव नसलेल्यांचे असतात. एकाच पंचावर दोन खिडक्यांनी हक्क सांगितला, तर आठवड्याच्या मध्येच कोणाची तरी शिफ्ट बदलली आहे आणि तिथे खिडकी आखडती घ्यावी लागते. तारखेच्या रीतीत हे सगळे बेमालूम बेरजेत मिसळते. रोस्टरच्या रीतीत ते वेगळे पडते आणि विचारता येते. शून्य पंचाची ओळही रजेच्या नोंदीशी, ईएसआयच्या रजेशी आणि बाहेरच्या कामाच्या नोंदीशी ताडून मगच खाडा म्हणावी. एखाद्याची मंजूर रजा खाड्यात दाखवणे हा त्या माणसावर अन्याय आहे.

सुपरवायझरच्या हाती जाणाऱ्या पानावर विभागाची बेरीज खाली असावी, वर नावे असावीत. आणि ओटीची ओळ त्याच मशीनवरच्या खाड्याशेजारी असावी. आपला ऑपरेटर शुक्रवारी दहापर्यंत का थांबला? त्याच्या मशीनवर फर्स्ट शिफ्टचा रिलीव्हर आला नव्हता आणि दहा वाजता दुसरा मिळाला. बेरजेच्या तक्त्यात हा ३ तासांचा खर्च एका रकान्यात आणि एक खाडा दुसऱ्या रकान्यात पडला असता. शेजारी ठेवले की सुपरवायझरला कळते की हा ओटी उत्पादन वाढल्यामुळे झालेला नाही. फर्स्ट शिफ्टला त्या मशीनवर बदली माणूस नाही म्हणून झाला आहे, आणि त्या मशीनसाठी दुसऱ्या कोणाला तयार करायचे हे त्याला पुढच्या रोस्टरमध्ये ठरवता येते.