तीस शब्दांत काय राहतं?

कोरेगावात रविवारी माझ्याकडे पाच-सहा मुलं-मुली अभ्यासाला येतात. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेची तयारी चालली आहे. त्यांना निबंधाची भीती वाटत नाही, व्याकरणाचीही नाही. अडतात ती प्रेसीवर. इंग्रजीचा सक्तीचा पेपर तीनशे गुणांचा. त्यात एक उतारा देतात आणि तो स्वतःच्या शब्दांत एक तृतीयांश करायला सांगतात. शीर्षक द्यायचं नाही. या एका प्रश्नाला 75 गुण. पेपर पात्रतेपुरता आहे, पण 25 टक्के, म्हणजे 75 गुण मिळाले नाहीत तर बाकीच्या पेपरांची मेहनत वाया जाते.

"सर, हे इंग्रजांचं खूळ आपल्या गळ्यात कशाला?" असं एका मुलाने विचारलं. खूळ इंग्रजांचं खरं, पण काम आपल्या दप्तरांना जुनंच ठाऊक होतं. त्याला आपण गोषवारा म्हणतो. शब्द फारसी आहे, मूळ गोशवारा, म्हणजे कानातलं. पानभर हिशेबाचा सार म्हणजेही गोशवारा. आजही ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात गोषवारा असतोच.

इंग्रजांच्या परीक्षेत तो आला तोही कचेरीच्या गरजेतून. 1855 साली लंडनला सनदी नोकरीची खुली स्पर्धा सुरू झाली. विलायतेतल्या कारकुनी जागांच्या परीक्षांमध्ये तेव्हा उतारा नव्हे, पत्रांचा गठ्ठाच देत. आधी प्रत्येक पत्राची नोंद करायची: तारीख, कोणाचं, कोणाला, कशाबद्दल. मग सगळ्या गठ्ठ्याची हकीकत सलग सांगायची. वरचा साहेब मूळ पत्रं वाचणार नाही, या कागदावरच निर्णय देणार, हे धरून ती लिहायची. अशा स्पर्धेतून सनदी नोकरीत गेलेले पहिले हिंदी गृहस्थ सत्येंद्रनाथ टागोर. 1863 साली त्यांची निवड झाली, नोकरी मुंबई इलाख्यात झाली आणि 1897 साली ते आपल्या साताऱ्यातूनच न्यायाधीश म्हणून निवृत्त झाले.

निर्णय या कागदावर होणार, ही गोष्ट मुलांच्या ध्यानात येत नाही. त्यांना वाटतं, शब्द कमी केले की झालं. म्हणून मी एक उतारा लिहून दिला. मुद्दाम मराठीत दिला, कारण मराठीच्या सक्तीच्या पेपरातही 60 गुणांचं सारांशलेखन असतं आणि रीत तीच आहे. परीक्षेतला उतारा बराच मोठा असतो. हा नव्वद शब्दांचा आहे.

"आदिलशाहीत सुरुवातीला महसुलाचे हिशेब फारसीत लिहिले जात. सोळाव्या शतकात पहिल्या इब्राहिम आदिलशहाने ही रीत बदलली, हिशेब स्थानिक भाषेत ठेवायला सांगितले आणि त्या कामावर ब्राह्मण कारकून नेमले. त्याचा अर्थ फारसी संपली असा मात्र नव्हे. दरबारी पत्रव्यवहारात ती राहिली आणि तिचे शेकडो शब्द मराठी कागदांत मुरले. पुढे शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणे हा त्याचा हेतू होता. काही पर्याय, विशेषतः मंत्र्यांची पदनामे, रूढ झाली. पण तारीख, हिशेब, जमीन, कागद असे रोजच्या कामातले असंख्य शब्द पेशवाईतही आणि अगदी त्यानंतरच्या काळातही मराठी माणसांच्या लिहिण्याबोलण्यात जसेच्या तसे चालत राहिले."

एका हुशार मुलीने दहा मिनिटांत लिहून दाखवलं:

"आदिलशाहीत महसुलाचे हिशेब फारसीत लिहिले जात. शिवाजी महाराजांनी राज्याभिषेकानंतर राज्यव्यवहारकोश तयार करवून घेतला आणि फारसी शब्द काढून त्यांच्या जागी संस्कृत शब्द आणले. मंत्र्यांची पदनामेही तेव्हाच बदलली. अशा रीतीने भाषा पालटली."

मोजून पाहा, बरोबर तीस शब्द. तिला वाटलं, जमलं. पण मूळ उतारा न वाचलेल्या माणसाला यातून काय कळेल? आदिलशाही म्हणजे फारसी, महाराज म्हणजे संस्कृत, एक गेली आणि दुसरी आली. उताऱ्यात याच्या नेमकं उलट आहे. हिशेबाची भाषा बदलली ती एका आदिलशहाने, आणि कोश झाल्यावरही रोजचे शब्द हलले नाहीत. "सुरुवातीला" हा एक शब्द गळला तेव्हा इब्राहिम गेला. शेवटचा "पण" गळला तेव्हा अर्धा इतिहास गेला. मोकळ्या झालेल्या जागेत तिने उताऱ्यात नसलेलं वाक्य घातलं: भाषा पालटली. शिवाय पहिलं वाक्य जवळजवळ जसंच्या तसं उचललं, तिथेही गुण कमी होणार.

ती म्हणाली, "सर, मी मुद्दाम नाही केलं. शाळेत असंच वाचल्यासारखं वाटलं, म्हणून तसंच लिहिलं गेलं." मला तिचं हे उत्तर फार प्रामाणिक वाटलं. डोक्यात जो गोषवारा आधीच तयार असतो, तोच हातून उतरतो. डोळ्यांपुढचा उतारा मग नुसता निमित्ताला उरतो.

मग आम्ही पुन्हा बसलो. आधी पेन्सिलने उताऱ्यातले सांधे खुणावले: सुरुवातीला, मात्र, पुढे, पण. आशय वळतो तो इथेच, म्हणून ही वळणं शेवटपर्यंत राहिली पाहिजेत. नंतर प्रत्येक वळणामागची गोष्ट एकेका ओळीत समासात लिहिली. मग उतारा झाकून त्या ओळींवरून सलग मजकूर लिहिला. झाकला की आपले शब्द आपोआप येतात. पहिल्या खेपेला 41 शब्द झाले. आता छाटणी. उदाहरणं आधी जातात: तारीख, हिशेब, जमीन, कागद या चौघांचं काम "रोजचे शब्द" एवढ्यात होतं. कारकुनांची नेमणूक जड मनाने सोडली, कारण ती मुख्य गोष्टीचा तपशील आहे. "पहिल्या" हा शब्द मात्र मी काढू दिला नाही. इब्राहिम आदिलशहा दोन झाले, तो काढला तर वाचणाऱ्याला दुसराच वाटेल.

शेवटी उरलं ते असं:

"पहिल्या इब्राहिम आदिलशहाने महसुली हिशेब फारसीऐवजी स्थानिक भाषेत आणले, तरी फारसी दरबारात आणि मराठीच्या शब्दसंग्रहात टिकली. शिवाजी महाराजांच्या राज्यव्यवहारकोशाने संस्कृत पर्याय दिले. त्यांतली पदनामे रुजली, पण रोजचे शब्द तसेच राहिले."

हेही तीसच शब्द. तपासायची रीत सोपी आहे. मूळ उतारा न वाचलेल्या मुलाला हे वाचायला द्यायचं आणि दोन प्रश्न विचारायचे: हिशेबाची भाषा कोणी बदलली? कोशानंतर फारसी शब्द गेले का? दुसऱ्या मजकुरावरून त्याने दोन्ही उत्तरं बरोबर दिली. पहिल्यावरून दोन्ही चुकली असती.

आपल्याकडे चार शतकांचा इतिहास दोन ओळींत सांगणारे पुष्कळ भेटतात. कधी त्या ओळी आपल्या विरोधात असतात, कधी आपल्या बाजूच्या, आणि आपल्या बाजूच्या असल्या की आपणही शब्द मोजत नाही. आदिलशहाने मराठीला जवळ केलं एवढंच सांगून थांबलो आणि दरबारात फारसी राहिली हे गाळलं, तर आपणही त्या मुलीचीच चूक करतो. पुढच्या रविवारी मी मुलांना असाच एक उतारा देणार आहे. त्यातला "पण" आपल्याला न रुचणारा असेल.