माग बरोबर, झाड चुकीचं

इंग्रजीत 'बार्किंग अप द राँग ट्री' असा एक वाक्प्रचार आहे. शब्दशः मराठी केलं तर 'चुकीच्या झाडावर भुंकणे'. एखादा माणूस भलत्याच दिशेने शोध घेत असला, नको त्या माणसाला दोष देत असला किंवा जिथे उत्तर नाही तिथे उत्तर मागत असला, की हे शब्द वापरतात. कोश हा अर्थ एका ओळीत देतात आणि पुढे 'रॅकूनच्या शिकारीवरून' एवढं सांगून थांबतात. मला त्या शिकारीपाशीच थोडं थांबायचं आहे. ती शिकार कशी चालते हे कळलं, की या वाक्प्रचारातली चूक आपण समजतो त्यापेक्षा बरीच वेगळी आहे, हे ध्यानात येतं.

रॅकून हा उत्तर अमेरिकेतला प्राणी. मोठ्या बोक्याएवढा किंवा त्याहून थोराड, डोळ्यांभोवती काळी पट्टी आणि शेपटीवर गडद वळी. त्याचं नावही तिथलंच: व्हर्जिनियात वसाहत करायला आलेल्या इंग्रजांनी ते पाव्हाटन लोकांच्या भाषेतून उचललं. रॅकून रात्री हिंडतो, ओढ्याकाठी खेकडे आणि बेडूक शोधतो, मक्याच्या शेतात शिरतो आणि कुत्रा मागे लागला की झाडावर चढतो. त्याच्या कातड्याला पैसे मिळत आणि मांसही खाल्लं जाई. केंटकी, टेनेसी अशा भागांत रानं तोडून वस्ती करणाऱ्या गोऱ्या शेतकऱ्यांची ही रात्रीची शिकार होती. दक्षिणेतले गुलाम कृष्णवर्णीयही रात्री कुत्री घेऊन ती करत. दिवस मालकाचा असल्यामुळे स्वतःच्या ताटातली भर रात्रीच मिळवावी लागे.

या शिकारीत माणसाला जवळजवळ काहीच दिसत नाही. अंधारात कुत्री सोडून तो एका जागी उभा राहतो आणि ऐकत राहतो. कुत्र्याला ताजा वास लागला की तो पहिला आवाज देतो. मग मागावर धावताना बरेच कुत्रे लांब हेल काढून ओरडतात. तो आवाज टेकडीमागे जातो, ओढा ओलांडतो, जवळ येतो, पुन्हा दूर जातो. आणि मग एका क्षणी आवाज बदलतो. हेल थांबतो आणि एकाच जागेवरून तुटक, ठाशीव, न थांबणारं भुंकणं सुरू होतं. शिकाऱ्याला कळतं, सावज झाडावर चढलं. तो कंदील उचलतो आणि आवाजाच्या दिशेने, काट्याकुट्यांतून, पाण्यातून चालू लागतो. तिथे पोचेपर्यंत कुत्रा बुंध्यावर पुढचे पाय टेकून, नाक वर करून भुंकत राहतो. वाक्प्रचारातला 'अप' हा शब्द त्या वर केलेल्या नाकाचा आहे. मराठीत 'झाडावर भुंकणे' म्हटलं की कुत्रा झाडावरच चिडलाय असं वाटतं. तसं नाही. तो झाडाच्या शेंड्याकडे बघून मालकाला सांगतोय, 'इथे वर आहे.'

पण वर काय आहे हे बहुतेक वेळा त्याने पाहिलेलं नसतं. जमिनीवरचा वास बुंध्यापाशी आला, बुंध्यावर चढला आणि पुढे कुठे गेला नाही, एवढंच त्याला ठाऊक असतं. झाड हा त्याचा निष्कर्ष असतो. रॅकून नेमका इथेच चकवतो. तो बुंध्यावर चार-सहा फूट चढतो, मग बाजूला उडी टाकून पुढे पळतो. किंवा पुरता वर चढतो आणि फांद्या गुंतलेल्या असतील तर शेजारच्या झाडावर जातो आणि तिथून उतरतो. बुंध्यावर वास ताजा असतो, झाड मात्र रिकामं. शिकाऱ्यांच्या बोलीत अशा रिकाम्या झाडाला 'स्लिक ट्री' म्हणतात. आपण त्याला कोरं झाड म्हणू.

कच्चा कुत्रा आणि मुरलेला कुत्रा यांतला फरक इथे दिसतो. कच्चा कुत्रा बुंध्यावर वास मिळताच भुंकायला लागतो. मुरलेला कुत्रा आधी गप्प राहून झाडाभोवती फेरी मारतो, मग जरा मोठी फेरी मारतो. बाहेर जाणारा वास कुठेच सापडला नाही, तरच बुंध्यापाशी परत येऊन तो आवाज देतो. म्हणजे सावज वर असल्याचा पुरावा बुंध्यावर अर्धाच असतो. उरलेला अर्धा, ते तिथून निघून गेलेलं नाही हा, आजूबाजूच्या जमिनीवर शोधावा लागतो. आणखी एक प्रकारचा कुत्रा शिकाऱ्यांना अजिबात आवडत नाही. त्याने स्वतः काहीच हुंगलेलं नसतं. दुसरा भुंकतोय म्हणून हाही त्याच झाडाखाली येऊन भुंकतो. चार कुत्रे एका झाडाखाली असले म्हणजे चार साक्षी झाल्या असं नाही. एकाच साक्षीचा तो चौपट आवाज असू शकतो.

चुकीच्या झाडाची किंमत आज आपल्याला जाणवत नाही, कारण आता डोक्याला लावायचे प्रखर दिवे आहेत. प्रकाश शेंड्यावर टाकला, रॅकूनचे डोळे चमकले तर चमकले, नाहीतर पुढे चला. एकोणिसाव्या शतकात कंदिलाचा किंवा मशालीचा उजेड शेंड्यापर्यंत पोचत नसे. मग कुणीतरी वर चढे, किंवा कुऱ्हाड काढून झाडच पाडत. विल्सन रॉल्स यांच्या 'व्हेअर द रेड फर्न ग्रोज' (१९६१) या कादंबरीतला मुलगा एका रॅकूनसाठी रानातलं अवाढव्य सिकमोर तोडायला घेतो आणि तळहात सोलवटले तरी थांबत नाही. कारण त्याने कुत्र्यांना शब्द दिलेला असतो: तुम्ही सावज झाडावर चढवा, पुढचं माझ्यावर. ही कादंबरी असली तरी शिकाऱ्याचा आणि कुत्र्याचा व्यवहार खरोखर असाच होता. कुत्र्याचा शब्द प्रमाण मानून माणूस घाम गाळणार. झाड चुकीचं निघालं, तर कुत्रा फक्त भुंकलेला असतो. रात्र आणि अंगातली ताकद मालकाची गेलेली असते.

हा वाक्प्रचार अमेरिकेतच का जन्मला, याचं उत्तरही या शिकारीत आहे. इंग्लंडमधली घोड्यांवरून होणारी नामांकित शिकार कोल्ह्याची, आणि तिथला कोल्हा बिळात जातो. त्या शिकारीत माग चुकतो तो जमिनीवरच. म्हणून त्या जगाला जवळची वाटणारी प्रतिमा आहे 'रेड हेरिंग'ची, म्हणजे मागावरून ओढलेल्या धुरावलेल्या मासळीची. विल्यम कॉबेट या पत्रकाराने १८०७ साली आपल्या साप्ताहिकात ती वृत्तपत्रांवर टीका करताना वापरली. तिच्यात कुत्र्यांना माग सोडायला लावतात. अमेरिकी वाक्प्रचारात कुत्र्याने माग सोडलेला नसतो. तो त्याच मागावरून शेवटपर्यंत आलेला असतो.

आता छापील उल्लेखांकडे येऊ. कोशकार ज्यांचा हवाला देतात त्यांतला अगदी सुरुवातीचा उल्लेख १८३२चा, जेम्स कर्क पॉल्डिंग या न्यूयॉर्कच्या लेखकाच्या 'वेस्टवर्ड हो!' या कादंबरीतला. (चार्ल्स किंग्जलीची याच नावाची कादंबरी निराळी, ती १८५५ची.) प्रसंग मजेदार आहे. एक केंटकीकर सांगतो, की एक गृहस्थ भेटला, सारखा वहीत टिपणं काढणारा. हा आपल्या मुलखावर पुस्तकं लिहून पैसे करणाऱ्यांपैकी आहे, हे आपण ओळखलं. मग त्याला जरा चुकीच्या झाडाकडे भुंकायला लावलं, अशक्य थापा मारल्या आणि त्याने त्या सगळ्या लिहून घेतल्या.

या विनोदाला काळाचा संदर्भ आहे. इंग्रज प्रवासी अमेरिकेत येत, काही महिने हिंडत आणि परत जाऊन अमेरिकन माणसं किती अडाणी यावर पुस्तक लिहीत. कॅप्टन बेसिल हॉल यांचं पुस्तक १८२९मध्ये आलं होतं आणि फ्रान्सिस ट्रोलप यांचं गाजलेलं पुस्तक १८३२मध्येच. अमेरिकेत त्यांचा राग होता आणि पॉल्डिंग हा इंग्रजी टीकेला उत्तरं देणाऱ्या लेखकांत होता. म्हणून या वाक्यात भूमिका उलटल्या आहेत. वही घेतलेला प्रवासी हा कुत्रा, आणि केंटकीकर हा रॅकून. प्रवासी चुकतो, कारण सावज त्याला चुकवतं.

पुढच्याच वर्षी, १८३३मध्ये, डेव्हिड क्रॉकेटच्या नावावर खपलेलं एक पुस्तक आलं. क्रॉकेट हा टेनेसीचा शिकारी आणि अमेरिकी काँग्रेसचा सदस्य. हे पुस्तक त्याने लिहिलेलं नव्हतं. १८३४च्या आत्मचरित्राच्या प्रस्तावनेत त्याने त्याबद्दल तक्रार केली. पण त्या पुस्तकात तो एका माणसाला चुकीच्या झाडाखाली भुंकणाऱ्या म्हाताऱ्या रॅकून-कुत्र्याची उपमा देतो आणि जगात त्याहून हिणकस काही नाही असं म्हणतो. इथे रॅकूनची हुशारी बाजूला पडली आहे. सगळा दोष कुत्र्यावर आला आहे. आपण आज वापरतो तो अर्थ या दुसऱ्या उल्लेखाच्या जवळचा आहे: चुकणाऱ्याला कुणी चकवलं होतं का, हे विचारायची गरज आपल्याला वाटत नाही.

मला वाटतं, शिकाऱ्यांनी मात्र हा भेद अजून जपला आहे. अमेरिकेत आजही रॅकून-कुत्र्यांच्या रात्रीच्या स्पर्धा होतात आणि त्यांत रॅकून मारायचा नसतो, फक्त दाखवायचा असतो. झाडापाशी सर्वांत आधी आवाज दिल्याचे गुण सर्वांत जास्त. पण शोध घेऊन झाड कोरं निघालं, तर तेच गुण वजा होतात. आणि झाडाला ढोली असली, म्हणजे रॅकून आत असूही शकतो पण खात्री करता येत नाही, तर ते गुण ना मिळतात ना जातात. घाईला बक्षीस आहे, चुकीला दंड आहे आणि ज्याचा निकाल लागू शकत नाही त्याला तिसरा रकाना आहे.

मराठीत हा वाक्प्रचार आणताना अडचण येते ती यामुळेच. 'आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी' जवळची वाटते, पण तिथे आग कुठे आहे ते सगळ्यांना ठाऊक आहे. चुकलाय तो बंब. 'चोर सोडून संन्याशाला फाशी' यात अन्याय आहे, शोध नाही. 'साप साप म्हणून भुई थोपटणे' यात सापाचा पत्ताच नसतो. रॅकून मात्र होता, त्याचा वासही खरा होता. अनुवाद करताना मी संदर्भ पाहून 'भलतीकडेच शोधतोयस' किंवा 'नको त्याच्या मागे लागलास' असं साधं मराठी पसंत करतो आणि त्यात काय हरवतं तेही मला माहीत असतं. हरवतो तो बुंध्यावरचा ताजा वास. ज्याला आपण 'चुकीच्या झाडाखाली भुंकतोय' म्हणतो, तो बऱ्याचदा शेवटच्या पावलापर्यंत बरोबरच आलेला असतो. त्याची फक्त झाडाभोवतीची एक फेरी राहिलेली असते.