तिजोरी आणि बोली

धार-अमझेऱ्याकडच्या दुकानदारांशी फेसबुक-इन्स्टाग्रामवरच्या जाहिरातींविषयी बोलू लागलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "अहो, तिथं पैसेवाल्याचीच जाहिरात दिसते. इंदूरचं शोरूम दिवसाला वीस हजार टाकतं, आमचे दोनशे कुठं पुरणार?" हा पूर्वपक्ष. मला तो चुकीचा वाटतो आणि घातकही, कारण त्यापायी माणूस जिथं दोष आहे ती जागा सोडून भलतीकडेच डागडुजी करत बसतो.

गफलतीचं मूळ असं की बजेट आणि बोली एकच समजली जाते. मंडीत सोयाबीनचा ढीग कुणाकडे जातो हे व्यापाऱ्याच्या तिजोरीवर ठरत नाही. त्या ढिगाला तो काय भाव बोलतो यावर ठरतं. बजेट ही तिजोरी आहे. ती किती लिलावांत भाग घेता येईल ते सांगते. आणि इथं लिलाव दिवसातून एकदा होत नाही. कुणी मोबाइल उघडून जाहिरातीची एक जागा रिकामी झाली की त्या एका माणसापुरता, त्या एका क्षणापुरता लिलाव होतो.

मंडीपेक्षा मोठा फरक पुढेच आहे. नुसत्या भावावर इथं निकाल लागत नाही. मेटाने स्वतः जाहीर केलेलं सूत्र असं:

एकूण मूल्य = बोली × अपेक्षित प्रतिसाद + जाहिरातीचा दर्जा

अपेक्षित प्रतिसाद म्हणजे हाच माणूस ही जाहिरात पाहून आपल्याला हवी ती कृती करेल याची शक्यता. कुणी जाहिरात लपवली, तक्रार केली, किंवा मजकुरात दिशाभूल आणि सनसनाटी दिसली, तर दर्जा घसरतो.

आता एक उदाहरण मांडू, आकडे समजण्यापुरते. अमझेऱ्याची एक विक्रेती बाग प्रिंटच्या साड्या विकते. एका चौकशीच्या मेसेजसाठी तिची बोली 40 रुपये, शोरूमची 60. तिच्या जाहिरातीत ओला ठसा कापडावर पडताना दिसतो, किंमत स्पष्ट लिहिलेली आहे. समोर बसलेल्या ग्राहकाने मेसेज करण्याची शक्यता हजारात 5. शोरूमच्या "आज शेवटचा दिवस" छाप जाहिरातीला हजारात 2. म्हणजे हजार दर्शनांमागे तिचे 200, त्यांचे 120. दर्जाचे तिला 10 अधिक, त्यांचे 20 वजा. अखेर 210 विरुद्ध 100. ती जिंकली. शोरूमला निव्वळ पैशाने हा लिलाव फिरवायचा तर बोली 115 च्या वर न्यावी लागेल, म्हणजे जवळपास दुप्पट.

शिवाय जिंकणारा आपली पूर्ण बोली भरत नाही. विल्यम विक्री यांनी 1961 मध्ये मांडलेल्या विचाराच्या वंशातली ही पद्धत आहे: दुसऱ्याला मागे टाकायला लागेल तेवढंच द्या. आपल्या उदाहरणात तिला हजार दर्शनांना 90 रुपये पुरतात. पाच मेसेज आले तर एकाला 18 पडले, 40 नव्हे.

प्रतिपक्षाचं एक म्हणणं मात्र मान्य केलंच पाहिजे. बहुतेक दुकानदार बोली लिहीतच नाहीत; ती यंत्रणेवर सोडतात. अशा वेळी बजेट संपवण्यासाठी यंत्रणा बोली वर नेते, म्हणजे मोठी तिजोरी मागच्या दाराने आत येते. आणि जाहिरात नवी असताना यंत्रणेचा प्रतिसादाविषयीचा अंदाज कच्चा असतो. आठवड्यात सुमारे 50 परिणाम आल्यावर तो स्थिरावतो. दिवसाला दोनशे रुपयांत तेवढे परिणाम मिळणं कठीण, आणि रोज फोटो, वय, परिसर बदलत राहिलं तर शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं.

खरा आक्षेप घ्यायचा तर तो अंदाजावर घ्यावा. 2019 मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रेक्षकवर्ग तोच ठेवून फक्त चित्र बदललं. शरीरसौष्ठवाचं चित्र बहुतांशी पुरुषांपुढे गेलं, सौंदर्यप्रसाधनांचं बहुतांशी स्त्रियांपुढे. म्हणजे आपण निवडलेल्या वर्गातलं कोण जाहिरात पाहणार, हे कंपनीचा अंदाज ठरवतो, आणि तो अंदाज कसा बांधला हे आपल्याला तपासता येत नाही. इथं अन्याय होऊ शकतो, आणि त्याविरुद्ध बोलायलाच हवं.

पण "पैसे कमी पडले" हे निदान करण्याआधी अ‍ॅड्स मॅनेजर उघडा. निदान 500 दर्शनं झाल्यावर तिथं तीन श्रेणी दिसतात: दर्जाची, प्रतिसादाची आणि रूपांतरणाची, त्याच प्रेक्षकांसाठी स्पर्धेत असलेल्या जाहिरातींच्या तुलनेत. दर्जाची श्रेणी सरासरीखाली असेल तर फोटो आणि मजकूर बदला. फक्त रूपांतरणाची खाली असेल तर लोक जाहिरात पाहताहेत, पण पुढे किंमत, डिलिव्हरी किंवा मेसेजच्या उत्तरात अडखळताहेत. तिन्ही ठीक असूनही जाहिरात दिसत नसेल, तर तेव्हा बोलीला हात घाला.