मॅट्रिक्सची लांबी आणि काटकोन: ट्रेस इनर प्रॉडक्ट म्हणजे काय?

फोनमधला फोटो म्हणजे आकड्यांचा एक मोठा तक्ता असतो, हे तुम्ही ऐकलं असेलच. काळापांढरा फोटो घेतला तर प्रत्येक पिक्सेलला 0 ते 255 मधला एक आकडा मिळतो. 0 म्हणजे पूर्ण काळा, 255 म्हणजे पूर्ण पांढरा. आकड्यांच्या अशा आयताकृती तक्त्याला गणितात मॅट्रिक्स म्हणतात.

फोटोची फाइल लहान करायची तर या तक्त्यातलं काहीतरी फेकून द्यावं लागतं. काय फेकलं तर फोटो किती बिघडेल, हे फेकण्याआधीच कसं कळणार? या प्रश्नाचं उत्तर मॅट्रिक्सच्या ‘लांबी’त आणि दोन मॅट्रिक्समधल्या ‘काटकोना’त दडलेलं आहे. या लेखात आपण 2×2 चा एक छोटा तुकडा घेऊन हे सगळं हाताने करून पाहणार आहोत.

ट्रेसमधून इनर प्रॉडक्ट कसा मिळतो?

चौरस मॅट्रिक्समध्ये वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात जाणाऱ्या कर्णावरच्या आकड्यांची बेरीज म्हणजे ट्रेस. आणि मॅट्रिक्सच्या ओळींचे स्तंभ केले, स्तंभांच्या ओळी केल्या, की मिळतो तो ट्रान्सपोज. या दोन गोष्टी वापरून, एकाच मापाच्या A आणि B या दोन मॅट्रिक्सचा इनर प्रॉडक्ट असा ठरवतात:

```
⟨A, B⟩ = trace(Aᵀ B)
```

सूत्र जरा अवघड दिसतं, पण आत काय चाललंय ते बघा. Aᵀ ची पहिली ओळ म्हणजे A चा पहिला स्तंभ. म्हणून गुणाकाराच्या कर्णावर पहिली येते ती A च्या आणि B च्या पहिल्या स्तंभांची ‘जोडीने गुणा आणि बेरीज करा’ ही किंमत. दुसऱ्या जागी दुसऱ्या स्तंभांची, आणि असंच पुढे. ट्रेस घेतला की या सगळ्या किमती एकत्र होतात. थोडक्यात, दोन्ही मॅट्रिक्समधल्या समोरासमोरच्या आकड्यांचे गुणाकार करून सगळे मिळवले, एवढंच झालं. बारावीत व्हेक्टरचा डॉट प्रॉडक्ट शिकलात ना? तोच इथे मॅट्रिक्सवर आला आहे. जर्मन गणितज्ञ फ्रोबेनिअस (1849–1917) यांच्या नावावरून याला फ्रोबेनिअस इनर प्रॉडक्ट असंही म्हणतात.

आता लांबी. मॅट्रिक्सचा स्वतःशीच इनर प्रॉडक्ट घ्या आणि त्याचं वर्गमूळ काढा, ती लांबी. म्हणजे सगळ्या आकड्यांच्या वर्गांची बेरीज आणि तिचं वर्गमूळ. आणि दोन मॅट्रिक्सचा इनर प्रॉडक्ट 0 आला, तर ती दोन मॅट्रिक्स एकमेकांशी काटकोनात, म्हणजेच ऑर्थोगोनल आहेत असं म्हणायचं.

ट्रान्सपोज गाळला तर चालेल का?

हा प्रश्न मला बऱ्याचदा विचारला जातो. उत्तर आहे, नाही. नुसतं trace(A B) घेतलं तर काय होतं ते या मॅट्रिक्सवर तपासा:

```
A = [ 0  1 ]
    [ 0  0 ]
```

A ला A ने गुणलं की सगळीकडे 0 येतात, म्हणून ट्रेसही 0. म्हणजे मॅट्रिक्समध्ये 1 बसलेला असूनही त्याची लांबी शून्य! खालच्या डाव्या कोपऱ्यात 0 ऐवजी −1 ठेवला तर गोष्ट आणखी बिघडते. मग trace(A A) ची किंमत −2 येते, आणि ऋण संख्येचं वर्गमूळ काढून लांबी कशी सांगणार? ट्रान्सपोज घेतला की प्रत्येक आकडा स्वतःशीच गुणला जातो. त्यामुळे बेरीज कधी ऋण होत नाही, आणि 0 फक्त तेव्हाच येते जेव्हा सगळे आकडे 0 असतात.

चार नमुने, सगळे एकमेकांशी काटकोनात

आता फोटोच्या कोपऱ्यातला 2×2 चा तुकडा घेऊ. वरचे दोन पिक्सेल उजळ, खालचे दोन गडद:

```
A = [ 104  98 ]
    [  64  54 ]
```

याच्या लांबीचा वर्ग 10816 + 9604 + 4096 + 2916 = 27432. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हा तुकडा आपण चार ठरलेल्या नमुन्यांमध्ये फोडायचा आहे:

```
E1 = ½ [ 1  1 ]      E2 = ½ [  1   1 ]
       [ 1  1 ]             [ -1  -1 ]

E3 = ½ [ 1 -1 ]      E4 = ½ [  1  -1 ]
       [ 1 -1 ]             [ -1   1 ]
```

E1 म्हणजे सगळीकडे सारखा उजेड. E2 म्हणजे वर उजळ, खाली गडद. E3 म्हणजे डावीकडे उजळ, उजवीकडे गडद. आणि E4 म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखी चौकट. कोणतेही दोन नमुने घेऊन समोरासमोरचे आकडे गुणा आणि मिळवा, उत्तर 0 च येईल. प्रत्येकाची लांबी मात्र 1 आहे. ½ लावला आहे तो त्यासाठीच.

आता A मध्ये प्रत्येक नमुना किती भरला आहे? त्यासाठी फक्त इनर प्रॉडक्ट काढायचा. E2 साठी कर्णावरची पहिली किंमत (104 − 64)/2 = 20 आणि दुसरी (98 − 54)/2 = 22. ट्रेस 42. याच पद्धतीने E1 साठी 160, E3 साठी 8 आणि E4 साठी −2 येतात. म्हणजे:

```
A = 160·E1 + 42·E2 + 8·E3 - 2·E4
```

आता या चार आकड्यांचे वर्ग मिळवा: 25600 + 1764 + 64 + 4 = 27432. आधीच्या लांबीच्या वर्गाशी तंतोतंत जुळलं! हा पायथागोरसचाच सिद्धांत आहे. दोन बाजूंऐवजी चार बाजू आहेत, पण सगळ्या एकमेकींशी काटकोनात.

फेकण्याची किंमत आधीच कळते

इथेच खरी गंमत आहे. चारपैकी शेवटचा आकडा −2 फारच लहान आहे. तो फेकला तर तुकडा असा होतो:

```
[ 105  97 ]
[  63  55 ]
```

प्रत्येक पिक्सेल फक्त 1 ने हलला. चुकीच्या मॅट्रिक्सची लांबी √(1+1+1+1) = 2, म्हणजे फेकलेल्या आकड्याइतकीच. आता E3 चा 8 सुद्धा फेकू. वर दोन्हीकडे 101 आणि खाली दोन्हीकडे 59 उरतात. मूळ तुकड्याशी फरक 3, 3, 5, 5. वर्गांची बेरीज 68, आणि 8² + 2² सुद्धा 68 च. फोटो पुन्हा जोडून न बघताच नुकसान किती होणार हे कळलं.

हे जमलं ते फक्त काटकोनामुळे. समजा E4 च्या जागी हा नमुना घेतला:

```
F = ½ [ 1  1 ]
      [ 1 -1 ]
```

याचीही लांबी 1 आहे, पण E1 शी इनर प्रॉडक्ट ½ येतो. लांब्या 1 असल्यामुळे ½ म्हणजे कोनाचा कोसाइन, म्हणून कोन 60 अंशांचा. A चा F शी इनर प्रॉडक्ट 106 आहे. आता वर्ग मिळवा: 25600 + 1764 + 64 + 11236 = 38664. मूळ 27432 पेक्षा कितीतरी जास्त! कारण E1 मध्ये मोजलेला उजेड F मध्ये पुन्हा मोजला गेला. असा हिशोब घेऊन एखादा आकडा फेकला तर नुकसानाचा अंदाज चुकणारच. म्हणून एकक लांबीचे चार नमुने घेतले की वर्गांची बेरीज जुळते का ते आधी बघा. जुळली नाही, तर नमुने काटकोनात नाहीत.

जेपीईजीमध्ये हेच, फक्त मोठ्या मापात

जेपीईजी हे 1992 पासूनचं मानक आहे. त्यात फोटोचे 8×8 चे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा 64 नमुन्यांमध्ये फोडतात. हे नमुने डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्ममधून येतात. नासिर अहमद, टी. नटराजन आणि के. आर. राव यांनी तो 1974 मध्ये मांडला. हे 64 नमुने सुद्धा याच ट्रेस इनर प्रॉडक्टनुसार एकमेकांशी काटकोनात आहेत आणि प्रत्येकाची लांबी 1 आहे. मिळालेले 64 आकडे एका ठरलेल्या तक्त्यातल्या आकड्यांनी भागून पूर्णांकात आणतात. त्यात लहान आकडे 0 होतात आणि फाइल लहान होते.

स्वतः करून बघा

फोनच्या ब्राउझरमध्ये पायथन चालवता येत असेल तर हे टाका:

```python
import numpy as np
A = np.array([[104, 98], [64, 54]], dtype=float)
E = np.array([[1, 1], [-1, -1]]) / 2
print(np.trace(A.T @ E))   # 42.0
print(np.sum(A * E))       # 42.0
print(np.linalg.norm(A))   # सुमारे 165.63
```

मोठ्या मॅट्रिक्ससाठी मी दुसरी ओळच वापरतो. पहिलीत पूर्ण गुणाकार होतो आणि त्यातला कर्ण सोडून बाकी सगळं वाया जातं. `dtype=float` मात्र विसरू नका. फाइलमधून वाचलेला फोटो बहुतेक वेळा `uint8` प्रकारात येतो, आणि त्यात 255 च्या पुढचा आकडा मावत नाही. मग 104 × 104 चं उत्तर 10816 ऐवजी 64 येतं, आणि कुठलाही एरर दिसत नाही. लांबीचा वर्ग संशयास्पद लहान वाटला, तर आधी हेच तपासा.

दोन गोष्टी वेगळ्या ठेवा

‘ऑर्थोगोनल मॅट्रिक्स’ हा शब्द एकट्या मॅट्रिक्सबद्दलही वापरतात. तिथे अर्थ असा, की त्याचे स्वतःचे स्तंभ एकमेकांशी काटकोनात आहेत आणि प्रत्येक स्तंभाची लांबी 1 आहे. अशा 2×2 मॅट्रिक्सची आपल्या हिशोबाने लांबी √2 येते, 1 नाही. आपण बघितला तो काटकोन दोन मॅट्रिक्समधला होता.

आणि लांबी म्हणजे डोळा नव्हे. तोच फोटो एका पिक्सेलने उजवीकडे सरकवला तर बघणाऱ्याला काहीच कळत नाही, पण फरकाच्या मॅट्रिक्सची लांबी भलीमोठी येऊ शकते. म्हणूनच जेपीईजीमध्ये सगळ्या 64 आकड्यांना एकाच आकड्याने भागत नाहीत. मानकात उदाहरण म्हणून दिलेल्या उजेडाच्या तक्त्यात पहिल्या जागी 16 आहे आणि शेवटच्या जागी 99. डोळ्याला बारीक चौकटी कमी दिसतात, म्हणून तिथे कात्री जास्त चालते. किती नुकसान झालं हे लांबी सांगते; त्यातलं कोणतं चालेल, हे डोळा ठरवतो.