संकेतस्थळ देखभाल करार

संकेतस्थळ देखभाल करार म्हणजे तयार झालेले संकेतस्थळ चालू आणि सुरक्षित स्थितीत राखण्यासाठी ग्राहक व विकसक यांच्यात ठरावीक मासिक किंवा वार्षिक शुल्कावर होणारा करार होय. मुंबई-ठाणे परिसरात लिफ्ट किंवा संगणकाच्या वार्षिक देखभाल करारास व्यवहारात ‘एएमसी’ म्हणतात. स्वतंत्रपणे काम करणारे विकसक त्याच धर्तीवर हा करार करतात. अद्यतने, बॅकअप आणि संकेतस्थळ चालू असल्याची तपासणी ही त्याची तीन मुख्य अंगे आहेत.

## उदाहरण

समजा, ठाण्यातील खोपट येथील एका शिकवणी वर्गाचे संकेतस्थळ वर्डप्रेसवर चालते आणि प्रवेशाची चौकशी त्यावरील अर्जातून येते. करारानुसार रोज पहाटे ३ वाजता बॅकअप घेतला जातो व महिन्याला दोन तासांचे काम शुल्कात धरलेले आहे. पुढील विवेचन याच काल्पनिक उदाहरणाच्या आधारे केले आहे.

## अद्यतने

वर्डप्रेसच्या संकेतस्थळात मूळ प्रणाली, थीम आणि प्लगइन हे भाग वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले असतात. एखाद्या प्लगइनमधील सुरक्षादोष दुरुस्त होऊन नवी आवृत्ती आली, की तो दोष सर्वांना ज्ञात होतो आणि जुनी आवृत्ती वापरणारी संकेतस्थळे हल्ल्याचे लक्ष्य ठरतात. वर्डप्रेसच्या ३.७ या आवृत्तीपासून (ऑक्टोबर २०१३) मूळ प्रणालीची किरकोळ व सुरक्षाविषयक अद्यतने आपोआप होऊ शकतात. मात्र अद्यतनानंतर दोन प्लगइन एकमेकांशी विसंगत ठरू शकतात. त्यामुळे अद्यतन आधी चाचणी प्रतीवर करून पाहणे आणि मूळ संकेतस्थळावर केल्यानंतर चौकशीचा अर्ज स्वतः भरून पाहणे, ही कामे विकसकाकडे राहतात.

## बॅकअप

बॅकअपमध्ये फाइली आणि डेटाबेस दोन्ही असावे लागतात. चित्रे व थीम फाइलींत असतात, तर मजकूर आणि साठवलेले अर्ज डेटाबेसमध्ये असतात. उदाहरणातील संकेतस्थळ सकाळी ११ वाजता केलेल्या अद्यतनामुळे बिघडले आणि पहाटेचा बॅकअप परत बसवला, तर संकेतस्थळ सुरू होईल. परंतु मधल्या आठ तासांत आलेले चौकशी अर्ज नष्ट होतील. म्हणून अद्यतनाच्या लगेच आधी वेगळा बॅकअप घेतात.

बॅकअप त्याच सर्व्हरवर ठेवल्यास सर्व्हरबरोबर तोही जातो. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधील स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा केंद्रास आग लागली, तेव्हा ज्यांच्या प्रती त्याच ठिकाणी होत्या अशा ग्राहकांचा डेटा कायमचा गेला. बॅकअप खरोखर उपयोगी आहे की नाही, हे तो दुसरीकडे बसवून पाहिल्याशिवाय कळत नाही. त्यामुळे अशी चाचणी किती महिन्यांनी होईल, हे करारात लिहितात.

## चालू असल्याची तपासणी

बाहेरील एखादी सेवा दर पाच मिनिटांनी संकेतस्थळ उघडून पाहते आणि ते न उघडल्यास विकसकास कळवते. खोपटच्या कार्यालयातील इंटरनेट बंद असल्यास ग्राहकाला संकेतस्थळच बंद वाटू शकते. बाहेरील तपासणीमुळे हा फरक स्पष्ट होतो. या तपासणीला मर्यादा आहेत. पाच मिनिटांहून कमी काळाचा खंड तिच्या नजरेतून सुटू शकतो. सर्व्हरने प्रतिसाद दिला तरी पान कोरे असू शकते, म्हणून पानावरील एखादा ठरावीक शब्द शोधण्याची व्यवस्था करतात.

संकेतस्थळ ९९.९ टक्के वेळ चालू राहील असे आश्वासन म्हणजे ३० दिवसांत सुमारे ४३ मिनिटे ते बंद राहू शकते. सर्व्हर होस्टिंग कंपनीच्या ताब्यात असल्याने विकसकाने असे आश्वासन देणे जोखमीचे असते. तो किती तासांत दखल घेईल, एवढेच तो सामान्यतः लिहून देऊ शकतो. दखल घेण्याची मुदत ही दुरुस्तीची मुदत नसते.

## समाविष्ट नसलेल्या बाबी

असलेली गोष्ट चालू ठेवणे म्हणजे देखभाल आणि नवी गोष्ट करणे म्हणजे स्वतंत्र काम, अशी विभागणी सामान्यतः केली जाते. निकालाचे नवे पान, रचनेतील बदल किंवा ऑनलाइन शुल्कभरणा यांचे वेगळे दरपत्रक दिले जाते. होस्टिंग, डोमेन नूतनीकरण आणि सशुल्क प्लगइनचा परवाना यांचा खर्च ग्राहकाकडे असतो. ग्राहकाने स्वतः केलेल्या बदलांमुळे झालेला बिघडही बहुधा वगळलेला असतो.

काही बाबी सीमारेषेवर असतात. पीएचपी ७.४ या आवृत्तीचा अधिकृत पाठिंबा नोव्हेंबर २०२२ मध्ये संपला. अशा वेळी सर्व्हरवरील आवृत्ती बदलणे देखभालीत बसू शकते, पण जुनी थीम नव्या आवृत्तीवर चालत नसल्यास ती पुन्हा लिहिण्यास दोन तास पुरत नाहीत. न वापरलेले तास पुढील महिन्यात मिळतील की नाही, हेही लिहिलेले नसल्यास वाद उद्भवतात.

## कराराची समाप्ती

डोमेन व होस्टिंगचे खाते ग्राहकाच्या नावावर असल्यास विकसक बदलणे सोपे जाते. समाप्तीच्या वेळी शेवटचा पूर्ण बॅकअप आणि सर्व पासवर्ड ग्राहकाकडे सुपूर्द केले जातात. त्या दिवसापासून अद्यतने व तपासणी थांबते. मात्र संकेतस्थळ तसेच दिसत राहिल्याने ही बाब ग्राहकाच्या लक्षात येईलच असे नाही, म्हणून ती लेखी कळवण्याचे कलम करारात घालतात.